कार्ड गेलं, हे अर्धंच खरं

रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास मी स्टुडिओत आलो, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रीडरमध्ये घातलं आणि पडद्याकडे बघत बसलो. एरवी दोन-तीन सेकंदांत कार्डाची खिडकी उघडते. त्या रात्री उघडली नाही. कार्ड काढून पुन्हा घातलं, दुसरा रीडर लावून पाहिला, बायकोचा लॅपटॉप आणला. शेवटी कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. दुपारी दीड वाजता ज्या कॅमेऱ्याने मला याच कार्डावरचे फोटो मागच्या पडद्यावर दाखवले होते, तोच आता हे कार्ड वापरता येत नाही असं सांगत होता. त्या कार्डावर एका डोहाळजेवणाचे ६४० फोटो होते, आणि ते दुसरीकडे कुठेही नव्हते.

साताऱ्यात मी बावीस वर्षं स्टुडिओ चालवतो. लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं अशा ऑर्डरी घेतो. असा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला. पुढच्या दोन दिवसांत त्या ताईंना मी जी ईमेल लिहिली, तिचे चार खर्डे झाले. पहिला खर्डा आणि शेवटचा यांत जो फरक पडला, तो सांगण्यासाठी हे लिहितो आहे. अशी ईमेल कधी ना कधी तुमच्याकडे येईल, किंवा तुम्हाला लिहावी लागेल. ती वाचताना नेमकं काय शोधायचं, हे मला ती लिहिताना कळलं.

आधी त्या कार्डाचं सांगतो, कारण माफीत काय खरं लिहिता येईल हे त्यावरच ठरतं.

बोलताना आपण सरसकट ‘कार्ड करप्ट झालं’ म्हणतो, पण त्यात दोन अगदी वेगळे आजार येतात. पहिल्यात फोटो जागेवर असतात, फक्त कुठला फोटो कुठे ठेवला आहे त्याची यादी बिघडते. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं फळीवर आहेत आणि नोंदवही तेवढी भिजली, असं समजा. अशा वेळी संगणकाला कार्ड दिसतं, त्याची क्षमताही बरोबर दिसते, पण `You need to format the disk in drive E: before you can use it.` असा निरोप येतो. घाबरलेला माणूस इथे ‘हो’ म्हणून बसतो. तिथे फक्त `Cancel` दाबायचं, कार्ड बाजूला ठेवायचं आणि त्यावर एकही नवा फोटो काढायचा नाही. मग PhotoRec सारखा प्रोग्रॅम यादीच्या भानगडीत न पडता कार्डाचा कण न् कण वाचत जातो आणि जिथे फोटोची सुरुवात ओळखू येते तिथून तो उचलत जातो. या आजारात बहुतेक फोटो परत मिळतात. माझ्याकडे दोन-तीनदा असं झालं आहे आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागलेला नाही.

दुसरा आजार वेगळा. नखाएवढ्या त्या कार्डात फोटो साठवणाऱ्या चिपबरोबर एक छोटा नियंत्रक असतो. कुठली माहिती कुठे लिहायची, कुठले कप्पे झिजले, चुका कशा दुरुस्त करायच्या, हे सगळं तो बघतो. तोच बंद पडला की कार्ड संगणकाला दिसतच नाही, किंवा ६४ जीबीच्या जागी भलताच छोटा आकडा दिसतो. आता कुठलाही प्रोग्रॅम उपयोगाचा नाही, कारण प्रोग्रॅमला वाचायला समोर काहीच येत नाही. मग कार्ड डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्यावं लागतं. बऱ्याच एसडी कार्डांत सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असतं. तिथले तंत्रज्ञ त्यावरचा थर खरवडून आतले सूक्ष्म बिंदू उघडे करतात, त्यांना केसासारख्या तारा जोडतात आणि नियंत्रकाला वगळून थेट चिप वाचतात. तरी हाती येतो तो कच्चा गोंधळ. नियंत्रक माहिती मुद्दाम विस्कटून आणि विखरून लिहीत असतो. त्याची पद्धत उलगडून सगळं पुन्हा जुळवायचं, यात आठवडे जातात, आणि शेवटी काय हाती लागेल ते कोणी आधी सांगत नाही.

माझं कार्ड दुसऱ्या जातीचं होतं. सोमवारी सकाळी पुण्याच्या प्रयोगशाळेत ते दिलं. त्यांनी पंधरा ते वीस दिवस सांगितले.

त्याच दुपारी मी पहिला खर्डा लिहिला. तो मी जपून ठेवला आहे: ‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, मेमरी कार्डमध्ये निर्माण झालेल्या तांत्रिक अडचणीमुळे आपल्या कार्यक्रमाचे फोटो उपलब्ध होऊ शकलेले नाहीत. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमच्या स्टुडिओतर्फे आपणांस विनामूल्य रीशूट देण्यात येईल.’

आमच्या स्टुडिओचा हिशेब बायको बघते. तिने हे वाचलं आणि विचारलं, “अहो, त्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसतात ना? मग दुसऱ्यावर का नाहीत?”

हा प्रश्न मी रविवारी रात्रीपासून स्वतःला विचारायचं टाळत होतो.

माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डांच्या खाचा आहेत. दुसऱ्या कार्डाने काय करायचं ते मेनूत ठरवता येतं. `Backup` ठेवलं तर प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिला जातो. `Overflow` ठेवलं तर पहिलं भरल्यावरच दुसरं सुरू होतं. आमच्या धंद्यात शहाणा माणूस `Backup` सोडून दुसरं काही ठेवत नाही, आणि मीही ठेवत नव्हतो. पण दहा दिवसांपूर्वी एका दिवसभराच्या कार्यक्रमात कार्डं पुरेनात म्हणून मी ते `Overflow`वर टाकलं आणि परत आणायचं विसरलो. डोहाळजेवणाचे ६४० फोटो, प्रत्येकी साधारण २८ एमबी, म्हणजे सगळे मिळून जेमतेम १८ जीबी. पहिलं कार्ड ६४ जीबीचं. ते तिसरा हिस्साही भरलं नव्हतं. त्यामुळे दुसरं कार्ड सबंध दिवस कॅमेऱ्यात होतं आणि कोरं राहिलं.

म्हणजे कार्ड गेलं, हे खरं होतं, पण अर्धंच. कार्ड कधीही जाऊ शकतं. ते आधी सूचना देत नाही, नवं जातं, नावाजलेल्या कंपनीचंही जातं. त्याबद्दल माफी मागण्याचं तसं कारण नाही, कारण ते माझ्या हातात नव्हतं. फोटो एकाच कार्डावर राहिले, हे मात्र पूर्णपणे माझ्या हातात होतं. माफी त्याची मागायची होती. माझ्या खर्ड्यात मी बरोबर उलटं केलं होतं. जे माझ्या हातात नव्हतं त्याबद्दल खेद व्यक्त केला होता आणि जे हातात होतं त्याचा उल्लेखही नव्हता.

त्या खर्ड्यातले शब्दही मग एकेक करून मला टोचू लागले. ‘फोटो उपलब्ध होऊ शकलेले नाहीत.’ जणू ते अजून कुठेतरी आहेत आणि येता येता अडले आहेत. ‘तांत्रिक अडचण निर्माण झाली.’ कोणी केली, कशी झाली, वाक्यात माणूसच नाही. आणि ‘गैरसोय’. रस्ता खोदला की पाटी लागते, ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’. वळसा घालून जावं लागणं ही गैरसोय. पहिलटकरणीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो जाणं हे नुकसान आहे, आणि नुकसान म्हटल्यावरच भरपाईचा प्रश्न उभा राहतो. म्हणून तर तो शब्द लिहायला हात धजत नाही. ‘दिलगीर’चंही तसंच. दिलगीर म्हणजे मनाला वाईट वाटलेला. वाईट तर शेजाऱ्यालाही वाटतं. ज्याच्या हातून चूक झाली त्याला ‘चुकलो, माफ करा’ असंच म्हणावं लागतं. मराठीत त्याला दुसरा चांगला पर्याय मला तरी सापडला नाही.

आता वेळेचं. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत थांबावं, असं मला मनापासून वाटत होतं. समजा सगळे फोटो मिळाले, तर सांगायची वेळच येणार नाही. धंद्यातल्या एका मित्रानेही तोच सल्ला दिला: “एडिटिंग चालू आहे म्हणून सांग, वीस दिवस सहज निघतात.” पण या ऑर्डरीत ते वीस दिवस माझे नव्हते. ताईंना तिसावा आठवडा चालू होता. येत्या शनिवारी त्या बाळंतपणासाठी माहेरी, चिपळूणला जाणार होत्या. मी वीस दिवस थांबलो असतो तर तेहतिसावा आठवडा लागला असता. तिथून पुन्हा शूट ठरवायचं, फुलं, साडी, माणसं जमवायची, म्हणजे पस्तिसावा. त्या दिवसांत पायांना सूज असते, फार वेळ बसवत नाही, आणि डॉक्टर घराबाहेर पडू नका म्हणाले तर विषयच मिटला. लग्नाच्या जोडप्याचे फोटो सहा महिन्यांनी पुन्हा काढता येतात. पोट मात्र थांबत नाही. पुन्हा शूट करायचा पर्याय मला खरोखर द्यायचा असेल, तर तो असेतोवरच सांगायला हवं होतं.

म्हणून सोमवारी संध्याकाळी मी फोन केला. अशी बातमी पहिल्यांदा ईमेलने देऊ नये असं माझं ठाम मत आहे. कुठल्या वेळी, कोणाबरोबर असताना ती उघडली जाईल सांगता येत नाही, आणि इथे तर बाई गरोदर. फोन मी आधी दादांना केला, त्यांनी ताईंना जवळ बसवून स्पीकर लावला. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजींचा एकही नाही?” दादा म्हणाले, “जे काय आहे ते लिहून पाठवा. आम्ही घरात बोलतो.”

लिहून का, ते मला लगेच पटलं. फोनवर माणूस अर्धं ऐकतो, मग तेच सासूबाईंना सांगायचं, आईला सांगायचं, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी गळतं. ईमेल सगळ्यांना तीच वाचता येते. आणि मी जे देऊ केलं आहे त्याला ती पुरावाही असते. मंगळवारी सकाळी पाठवलेली ईमेल ही अशी. नावं आणि गावखुणा काढल्या आहेत, बाकी तशीच आहे.

‘विषय: रविवारच्या डोहाळजेवणाचे फोटो गेले, त्याबद्दल

ताई आणि दादा, सप्रेम नमस्कार.

काल फोनवर सांगितलं तेच आता नीट लिहून देतो. रविवारी तुमच्याकडे काढलेले सगळे ६४० फोटो ज्या कार्डावर होते ते बंद पडलं आहे. आज आमच्याकडे तुमच्या कार्यक्रमाचा एकही फोटो नाही.

कार्ड का बंद पडलं ते मला नक्की सांगता येत नाही. पण फोटो त्या एकाच कार्डावर होते, ही चूक माझी आहे. माझ्या कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो घेण्याची सोय आहे. आधीच्या एका कामासाठी मी ती बंद केली होती आणि तुमच्याकडे येण्याआधी पुन्हा चालू करून घेतली नाही. ती चालू असती तर आज तुमचे फोटो सुरक्षित असते. यात तुमचं मोठं नुकसान झालं आहे आणि ते माझ्यामुळे झालं आहे. मी चुकलो, मला माफ करा.

कार्ड सोमवारी पुण्याच्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत दिलं आहे. त्यांना पंधरा ते वीस दिवस लागतील. काही फोटो मिळतील किंवा एकही मिळणार नाही. कृपा करून त्यावर भरवसा ठेवू नका. खर्च माझा. जे मिळेल ते सगळं, जसं मिळेल तसं, तुम्हाला देईन.

तुम्ही ठरवलेले १८,००० रुपये मी घेणार नाही. ॲडव्हान्सचे ८,००० रुपये आज तुमच्या खात्यावर परत पाठवले आहेत. पुढे तुम्ही काहीही ठरवलंत तरी ते तुमचेच.

तुमची इच्छा असेल तर मी पुन्हा फोटो काढायला येईन. साताऱ्यात शनिवारच्या आत, किंवा नंतर चिपळूणला, तुम्हाला झेपेल त्या दिवशी आणि त्या वेळी. फुलांचे दागिने, झोपाळ्याची सजावट आणि मेकअप यांचा पुन्हा होणारा खर्च माझा असेल. तुम्ही सांगितलेल्या आकड्यांवरून तो साधारण १२,००० रुपये होतो. जास्त झाला तर तोही माझाच. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसायला लागणार नाही असं बघेन. त्या दिवशी फोटो दोन्ही कार्डांवर घेईन आणि तुमच्या घरातून निघण्याआधी तुमच्यासमोर लॅपटॉपवर उतरवून दाखवीन.

पुन्हा काय काढता येईल आणि काय नाही, हे मला स्पष्ट सांगायला हवं. झोपाळ्यावरचे, फुलांच्या दागिन्यांतले, तुम्हा दोघांचे आणि घरच्यांबरोबरचे फोटो काढता येतील. ओटी भरतानाचे, सगळ्या बायका जमलेल्या असतानाचे आणि पेढा-बर्फीची वाटी उघडलीत तेव्हाचे फोटो पुन्हा येणार नाहीत. ते घडवून आणलेले काढावेत असं मला वाटत नाही, पण तुम्ही म्हणाल तसं. आजी गावी परत गेल्या असतील तर मी त्यांच्याकडे जाऊन तुमचा त्यांच्याबरोबर फोटो काढायला तयार आहे, किंवा त्यांना गाडीने घेऊन येईन.

रविवारी पाहुण्यांनी मोबाईलवर काढलेले फोटो आणि व्हिडिओ मला मिळाले तर त्यांतले चांगले निवडून, सुधारून त्यांचा अल्बम करून देईन. ते व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ते लहान होणार नाहीत. हे काम तुम्ही ‘हो’ म्हटल्यावरच सुरू करेन.

उत्तराची घाई नाही. फक्त साताऱ्यातच काढायचे असतील तर गुरुवारपर्यंत कळवा, फुलवाल्याला एक दिवस आधी सांगावं लागतं. रागावून बोलायचं असेल तरी फोन करा, मी उचलेन.’

खाली माझं नाव आणि नंबर.

यातल्या पैशांच्या परिच्छेदावर माझं आणि बायकोचं बराच वेळ बोलणं झालं. आमच्या धंद्यात रीशूट हे पैशांच्या बदल्यात दिलं जातं: पुन्हा काढून देतो, म्हणजे हिशेब मिटला. ‘विनामूल्य’ हा शब्द तिथूनच येतो. पण विनामूल्य कोणासाठी? फोटोग्राफरला पुन्हा शूट म्हणजे एक दिवस आणि पेट्रोल. खरा खर्च समोरच्या घरात होतो. निशिगंध आणि गुलाबकळ्यांच्या दागिन्यांचे २,५०० रुपये, झोपाळ्याच्या सजावटीचे ६,०००, मेकअप आणि साडी नेसवणारीचे ३,५००. हे मी उचललं नसतं तर माझ्या ‘विनामूल्य’ शूटसाठी त्यांना आणखी १२,००० रुपये घालावे लागले असते. म्हणून पैसे परत करणं आणि पुन्हा शूट ही दोन वाक्यं मी वेगळी ठेवली, आणि पहिलं दुसऱ्यावर अवलंबून नाही हे लिहून टाकलं. जो पैसा ज्या कामासाठी घेतला ते काम झालंच नाही, तो ठेवायचा कशाच्या आधारावर? पुन्हा शूट हे नुकसान कमी करण्यासाठी आहे. दोन्ही धरून, प्रयोगशाळेचा खर्च सोडून, मला तीस हजारांचा फटका होता.

मित्राने पुन्हा फोन करून सांगितलं की चूक लेखी कबूल करू नकोस, उद्या ग्राहक मंचात गेले तर हीच ईमेल दाखवतील. त्याचं म्हणणं खोटं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतल्या उणिवेची जी व्याख्या आहे तिच्यात निष्काळजीपणाही येतो. ग्राहकाला दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तीही तो जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात. पाच लाखांपर्यंत मोबदला असलेल्या सेवेसाठी तक्रारीला शुल्क लागत नाही. काही विचारायचं असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली एक कायदा केला, त्यानुसार दिवाणी दाव्यात माफी ही दोषाची कबुली धरली जात नाही. आपल्याकडे असं सर्वसाधारण संरक्षण नाही. तेव्हा धोका होताच. पण तो टाळायचा म्हणजे दुसऱ्या कार्डाची गोष्ट लपवायची, आणि लपवल्यावर मी त्यांना जे सांगणार ते खोटं ठरणार. फोटोग्राफीतलं थोडंफार कळणारा कोणीही पाहुणा त्यांना बायकोचाच प्रश्न विचारू शकला असता.

अशा ईमेलींमध्ये आणखी एक वाक्य मी पाहिलं आहे: ‘वरील प्रस्ताव स्वीकारल्यास यासंदर्भात आपली कोणतीही तक्रार राहणार नाही.’ माफीच्या पत्रात हे असेल तर ते माफीचं पत्र नव्हे, पावती आहे. घाईत त्याला ‘ओके’ असं उत्तर देऊ नका.

प्रयोगशाळेबद्दलचं वाक्य लिहायला मला सगळ्यांत कठीण गेलं. ‘आम्ही पूर्ण प्रयत्न करत आहोत’ असं लिहिण्याचा मोह फार होतो. त्याने वाचणाऱ्याला बरं वाटतं, लिहिणाऱ्यालाही वाटतं. पण आशेवर बसलेला माणूस पुन्हा शूटचा निर्णय पुढे ढकलतो. ‘बघू, कदाचित मिळतील.’ आणि आमच्याकडे दिवस तर मोजके होते. त्यामुळे ‘भरवसा ठेवू नका’ हे शब्द मी विचारपूर्वक ठेवले. त्या वेळी ते मला स्वतःलाही ऐकवायचे होते.

बुधवारी रात्री ताईंचं उत्तर आलं. झोपाळा आणि फुलं नकोत, असं त्यांनी लिहिलं होतं. एकदा झालं ते झालं, पुन्हा नटून बसले तर फोटोत तेच दिसेल. पाहुण्यांचे फोटो गोळा करतो, अल्बम करा. आणि आजींबरोबर फोटो हवा आहे, पण आजींचा प्रवास होत नाही, मी चिपळूणला जाताना वाटेत त्यांच्या गावी थांबणार आहे, तिथे या.

शनिवारी सकाळी नऊला मी पाटणच्या अलीकडे त्या गावात पोहोचलो. माजघरात उजेड कमी होता म्हणून पडवीत सतरंजी घातली. ताई रोजच्या सुती साडीत होत्या. आजींनी आधी त्यांच्या हातावर गूळ ठेवला, मग पोटाला हात लावला आणि तो काढलाच नाही. वीस मिनिटांत मी ७४ फोटो काढले. लॅपटॉप पडवीतच उघडला, दोन्ही कार्डांवरचे आकडे दादांना दाखवले. ७४ आणि ७४. मग त्यांची गाडी कुंभार्ली घाटाकडे निघाली.

अल्बमसाठी पाहुण्यांकडून दोनशेच्या वर फोटो आले. त्यात दादांच्या मावसबहिणीने पेढा-बर्फीच्या वेळी काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. व्हिडिओतून काढलेलं चित्र १९२० बाय १०८० ठिपक्यांचं असतं. सहा बाय चारच्या छपाईला ते पुरतं, त्याहून मोठं केलं की फाटतं. अल्बमच्या मोठ्या पानावर ते मी तेवढंच लहान, मधोमध ठेवलं.

प्रयोगशाळेचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. ६४० पैकी २११ फोटो सापडले होते, तेही बरेचसे तुटलेले. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतःसाठी बनवलेली एक जेपेग प्रत असते, काही ठिकाणी तीच तेवढी वाचली होती. सगळे एका पेन ड्राइव्हवर भरून, न निवडता, चिपळूणला पाठवले. वाटी उघडतानाचा एक त्यांत आहे. वरच्या अर्ध्यात ताईंचा चेहरा आणि मागे वाकून बघणाऱ्या बायका स्वच्छ आल्या आहेत. खालचा अर्धा, जिथे वाटी असायला हवी, तो सपाट करडा आहे.